घरच्या वायरमनची पहिली पेटी

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर थोड्याच वेळात, आमच्या घरातल्या मागच्या खोलीची वीज गेली. बाहेरची खोली लख्ख, स्वयंपाकघर चालू, फक्त मागे अंधार. एमसीबी पाहिला तर तो वरच होता. मग आम्ही कपाटातून आमची "टूल किट" काढली. तिला टूल किट म्हणायची आमची हिंमतच होती! दांडा पिवळा पडलेला एक स्क्रू ड्रायव्हर, फेरीवाल्याकडून घेतलेला एक टेस्टर आणि अर्धा वापरलेला टेपचा गुंडाळा, एवढाच ऐवज होता.

टेस्टर सॉकेटच्या उजव्या भोकात घातला. दिवा लागला. डाव्या भोकात घातला. तिथेही लागला! आमची दहावीतली मुलगी टॉर्च धरून उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, दोन्हीकडे करंट आहे, मग बल्ब का नाही लागत?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तेवढ्यात भाचा पुढे झाला आणि म्हणाला, "मामू, काळी वायर तर न्यूट्रल असते, तिला हात लावून पाहू का?" आम्ही त्याचा हात धरला, मेन स्विच खाली केला आणि मोहल्ल्यातल्या वायरमन चाचांना फोन लावला.

चाचा आले. त्यांनी आधी मेन पुन्हा चालू करायला सांगितले, स्वतःच्या टेस्टरने दोन्ही भोके तपासली आणि हसले. म्हणाले, "बेटा, दोन फेज आलेले नाहीत. न्यूट्रल सुटला आहे." मग त्यांनी खोलीतला पंखा आणि ट्यूब यांचे स्विच बंद केले, चार्जर काढला आणि पुन्हा डाव्या भोकात टेस्टर घातला. आता दिवा लागला नाही. उजवीकडे मात्र लागत होता. पंख्याचा स्विच चालू केला की डावीकडे पुन्हा उजेड.

कारण सोपे आहे. वीज फेजच्या वायरने येते, पंख्यातून किंवा बल्बमधून जाते आणि न्यूट्रलने परत जाते. परतीची वायर वाटेत कुठे सुटली तर वीज पंख्यातून पुढे येते आणि त्या सुटलेल्या काळ्या वायरवर येऊन थांबते. पंखा फिरत नाही, बल्ब लागत नाही, पण काळ्या वायरवर पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. भाच्याने हात लावला असता तर त्याच्या अंगातूनच परतीचा रस्ता पूर्ण झाला असता. चाचांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. एका टर्मिनलमधला स्क्रू ढिला होऊन काळी वायर बाहेर आली होती. टोक कापून नवे सोलले, आत घालून स्क्रू कसला, काम झाले. दहा मिनिटे लागली.

जाताना आमच्या पेटीकडे पाहून चाचा म्हणाले, "यातला टेस्टर तेवढा फेकून दे. बाकीचे टीव्हीच्या रिमोटचे स्क्रू काढायला ठेव." दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांना घेऊनच बाजारात गेलो. त्या दिवशी जे घेतले आणि ते का घेतले, तेच वाचकांपुढे ठेवत आहोत.

सुरुवात टेस्टरपासून

टेस्टरच्या पोटात एक छोटा निऑनचा दिवा, एक स्प्रिंग आणि सुमारे दहा लाख ओहमचा रेझिस्टर असतो. टोक फेजला लागले आणि मागच्या धातूच्या टोपीवर आपले बोट असले की अगदी क्षीण प्रवाह दिव्यातून, रेझिस्टरमधून आणि आपल्या अंगातून जमिनीत जातो. तो इतका कमी असतो की आपल्याला जाणवत नाही. म्हणजे आपला जीव त्या रेझिस्टरच्या भरवशावर असतो. मुले गंमत म्हणून टेस्टर उघडतात, आतला रेझिस्टर घरंगळून जातो आणि स्प्रिंग व दिवा घालून टेस्टर पुन्हा बंद केला जातो. असा टेस्टर हातात घेणे म्हणजे फेज हातात घेणे. म्हणून एकदा उघडला गेलेला, तडा गेलेला किंवा पाण्यात पडलेला टेस्टर वापरायचा नाही. आमच्या जुन्या टेस्टरच्या दांड्याला बारीक तडा होता, म्हणून चाचांनी तो फेकायला लावला.

टेस्टर कुठे फसवतो, हे तर त्या रात्री आम्ही पाहिलेच. "दिवा लागला" म्हणजे तिथे व्होल्टेज आहे, एवढेच कळते. न्यूट्रल शाबूत आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते पाहण्यासाठी चालू असल्याची खात्री असलेला एखादा नाइट लॅम्प त्या सॉकेटमध्ये लावावा. टेस्टर दोन्हीकडे लागतो पण लॅम्प लागत नाही, तर न्यूट्रल गेला असे समजावे.

"दिवा लागला नाही" म्हणजे वीज नाहीच, असेही नाही. भर उन्हात निऑनचा मंद उजेड दिसत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर जाड रबरी चप्पल घालून उभे राहिलो, तर तो आणखी मंद होतो. शिवाय दिवाच बिघडलेला असू शकतो. म्हणून चाचांचा नियम असा: मेन बंद करण्याआधी टेस्टर चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून पाहायचा, मेन बंद केल्यावर कामाच्या जागी लावायचा, आणि मग पुन्हा एखाद्या चालू ठिकाणी लावून तो जिवंत आहे ना, हे पाहायचे. घरभर वीज बंद केली असेल तर शेवटची तपासणी जिन्यातल्या किंवा शेजारच्या सॉकेटवर करावी.

इथेच एक गोष्ट विसरू नये. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावर काही पॉइंट लगेच इन्व्हर्टरवर जातात आणि तारेत तितकीच वीज येते. त्यामुळे मेन बंद करताना इन्व्हर्टरही बंद करायचा आणि मगच टेस्टर लावायचा.

स्क्रू ड्रायव्हर

दुकानात साध्या रंगीत दांड्याचे स्क्रू ड्रायव्हर टांगलेले होते आणि दुकानदार तेच पुढे करत होता. "दांडा प्लास्टिकचा आहे, शॉक नाही लागणार," असे तो म्हणाला. चाचांनी मान हलवली. प्लास्टिकचा दांडा आणि इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्यामध्ये दांड्यापासून टोकापर्यंत सगळी सळई उघडी असते. बोर्डात काम करताना टोक फेजच्या स्क्रूवर असते आणि उघडी सळई शेजारच्या न्यूट्रलला किंवा लोखंडी बॉक्सला टेकते. मग मोठा आवाज होतो, ठिणगी उडते आणि डोळ्यांना किंवा हाताला भाजते. बोट सळईवर घसरले तर शॉक बसतो तो वेगळाच.

इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरमध्ये सळईवर शेवटपर्यंत आवरण असते, फक्त टोकाचा थोडा भाग उघडा असतो. त्याच्या दांड्यावर एकमेकांवर आलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे कोरलेले असते. ही खूण पाहूनच घ्यावा. साध्या स्क्रू ड्रायव्हरला टेप गुंडाळला म्हणजे तो इन्सुलेटेड होत नाही. टेप सुटतो, सरकतो आणि बोर्डातल्या अरुंद जागेत फाटतो.

पहिल्या पेटीत तीन पुरतात. एक चपट्या टोकाचा ३ मिलीमीटरचा, स्विच आणि सॉकेटच्या बारीक टर्मिनलसाठी. दुसरा चपटा ५.५ मिलीमीटरचा, मोठ्या स्क्रूसाठी. आणि एक फुलीचा, २ नंबरचा, बोर्डाची प्लेट आणि एमसीबीसाठी. टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसले पाहिजे. लहान टोकाने मोठा स्क्रू फिरवायला गेलो की खाच खराब होते, स्क्रू अर्धवटच कसला जातो आणि सहा महिन्यांनी तो आमच्या मागच्या खोलीसारखा सुटतो. टेस्टरलाही टोक असते म्हणून त्यानेच स्क्रू पिळायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्यानेच टेस्टरच्या दांड्याला तडे जातात.

मात्र आवरण आहे म्हणून चालू विजेवर काम करावे, असे नाही. मेन बंद करूनच काम करायचे. आवरण हे आपल्या हातून चूक झाली तर वाचण्यासाठी आहे.

पक्कड आणि सोलायचे हत्यार

पक्कड ८ इंची घ्यावी. पकडणे, पिळणे आणि तिच्या बाजूच्या धारेने वायर कापणे, ही तिन्ही कामे ती करते. इथेही तीच गोष्ट. बहुतेक पक्कडींवरचे रबर हे फक्त पकड बसावी म्हणून असते. दोन त्रिकोणांची खूण असलेलीच घ्यावी आणि आवरण चिरले की बदलावी. दुसरी लांब नाकाची पक्कड, म्हणजे नोज प्लायर. बोर्डात खोल गेलेली वायर ओढायला आणि टोक दुमडायला तिच्याशिवाय हात पोहोचत नाही.

तिसरे हत्यार वायर स्ट्रिपर. आमच्याकडे आजवर वायर सोलायचे काम ब्लेडने किंवा, खरे सांगायचे तर, दातांनी व्हायचे. चाचांनी ब्लेडने सोललेले टोक हातात धरून दाखवले. तांब्याच्या बारीक तारांपैकी चार-पाच कापल्या गेल्या होत्या. उरलेल्या तारांवर सगळा भार येतो आणि नेमकी तीच जागा तापते. स्ट्रिपरवर एक छोटा स्क्रू असतो. त्याने दाढा वायरच्या जाडीपुरत्या उघडायच्या, म्हणजे फक्त प्लास्टिक कापले जाते. आधी एका टाकाऊ तुकड्यावर जाडी लावून पाहावी.

सुटे सामान

सुट्या सामानात माणूस वाहवत जातो. आम्ही फक्त तेच घेतले जे रात्री अपरात्री लागते. ६ अँपिअरचे दोन आणि १६ अँपिअरचा एक थ्री पिन टॉप, एक चांगला पीव्हीसी टेप, एक बॅटन होल्डर, एक एलईडी बल्ब, आणि आमच्या बोर्डावर आहे त्याच कंपनीचा एक ६ अँपिअरचा स्विच. मॉड्युलर बोर्डात एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या प्लेटमध्ये बहुधा बसत नाही, म्हणून नमुना सोबत न्यावा.

आमच्या अम्मीच्या गावाकडच्या घरात अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत. तिथल्यासाठी फ्यूज वायरचे कार्ड घेतले. कार्डावर ५ अँपिअर, १५ अँपिअर असे लिहिलेले असते. दिव्यांच्या सर्किटला ५ ची एकच तार लावायची. "सारखा उडतो" म्हणून तिथे वायरमधली जाड तांब्याची तार पिळून लावली की फ्यूज उडायचा थांबतो, आणि मग त्याच्या ऐवजी भिंतीतली वायर जळते.

पंख्याचा कपॅसिटर बदलायचे काम आम्ही सध्या चाचांकडेच ठेवले आहे, पण लक्षण सांगून ठेवतो. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, आणि काठीने थोडा ढकलला की फिरू लागतो, तर कपॅसिटर गेला असे समजावे. सीलिंग फॅनला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. जुन्यावर लिहिले असेल तोच आणावा.

पहिले काम: इस्त्रीचा टॉप

पेटी आल्यावर आठच दिवसांत तिचे काम निघाले. मुलीच्या शाळेचा गणवेश इस्त्री करताना घरातून म्हणाल्या की, टॉपला जळका वास येतो. टॉप काढून पाहिला तर एका पिनेच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी झाले होते. एकाच पिनेपाशी जळले असेल तर बहुधा त्या पिनेचा आतला स्क्रू ढिला असतो, किंवा सॉकेटची त्या बाजूची पकड सैल असते. ढिल्या जोडात विजेला अडथळा होतो आणि तिथेच उष्णता तयार होते.

इस्त्री १००० वॉटची. १००० भागिले २३०, म्हणजे सुमारे साडेचार अँपिअर. म्हणून ६ अँपिअरचा टॉप चालतो. दोन हजार वॉटचा गीझर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो, त्याला १६ चाच लागतो.

इस्त्रीची वायर सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढली. चाचा शेजारी बसले आणि काम मुलीने केले. जळलेला टॉप आणि वायरचे काळवंडलेले टोक पक्कडीने कापून टाकले. बाहेरचे आवरण ४ सेंटीमीटर काढले. आत तीन वायर निघाल्या: तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. उपकरणाच्या वायरमध्ये तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ. भिंतीतल्या वायरिंगचा हिशोब वेगळा आहे. तिथे लाल, पिवळी आणि निळी या फेजच्या असू शकतात, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. म्हणजे एकच निळा रंग टॉपमध्ये न्यूट्रल आणि भिंतीत फेज असू शकतो. भिंतीत रंगावर कधीच विसंबू नये.

टॉपच्या आत एल, एन, ई ही अक्षरे कोरलेली असतात. एलला फेज, एनला न्यूट्रल, ईला, म्हणजे जाड आणि लांब पिनेला, अर्थ. प्रत्येक वायर एक सेंटीमीटरभर सोलली, तारा घट्ट पिळल्या, टोक दुमडले आणि टर्मिनलच्या भोकात घालून स्क्रू कसला. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवली. उद्या कोणी वायर ओढली तर फेज आधी सुटावा आणि अर्थ सगळ्यात शेवटी, यासाठी. एखादी तार बाहेर डोकावते का, ते पाहिले. मग टॉपमधली पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर कसली. ही पट्टी आतल्या बारीक वायरींवर कसली तर ओढ थेट स्क्रूवर येते. शेवटी एकेक वायर हलकेच ओढून पाहिली आणि झाकण लावले.

काम संपले असे वाटले, पण चाचांनी नवा टॉप सॉकेटमध्ये घालून हलवला. तो डुगडुगत होता. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या होत्या. "हा सॉकेट ठेवलास तर नवा टॉपही महिन्यात जळेल," ते म्हणाले. मग मेन आणि इन्व्हर्टर बंद करून, टेस्टरने तपासून सॉकेटही बदलला. त्यानंतर इस्त्री दहा मिनिटे चालवली, बंद करून टॉप काढला आणि पिनांना बोट लावले. कोमट लागल्या, तेवढे चालते. बोट ठेववत नाही इतक्या तापल्या, तर जोड अजून ढिला आहे.

पेटी कुठे थांबते

कायद्याने घरात बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे जशीच्या तशी बदलता येतात. नवा पॉइंट काढणे, एसीसाठी लाइन ओढणे, वायरिंगची क्षमता बदलणे ही कामे परवानाधारक कंत्राटदाराचीच आहेत. मीटर आणि त्याच्या आधीच्या सीलबंद भागाला तर हातही लावू नये.

आणखी तीन प्रसंगी पेटी बंदच ठेवावी. एमसीबी वर केल्याबरोबर पुन्हा पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा ढकलू नये. भिंतीला किंवा नळाला मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर मेन बंद करून वायरमनला बोलवावे. आणि घरातले दिवे अचानक डोळे दिपतील इतके प्रखर झाले, किंवा काही प्रखर आणि काही मंद झाले, तर इमारतीचाच न्यूट्रल सुटलेला असू शकतो. टीव्ही-फ्रिज वाचवायला धावण्याआधी मेन खाली करावा आणि वीज कंपनीला कळवावे.

आमची पेटी आता मेन बोर्डाखालच्या फळीवर असते, सोबत चार्ज केलेला टॉर्च. झाकणाच्या आत मुलीने एक कागद चिकटवला आहे. त्यावर तिने लिहिले आहे: "आधी टेस्टर चालू ठिकाणी. मग मेन बंद, इन्व्हर्टर बंद. पुन्हा टेस्टर. काळ्या वायरलाही." शेवटची ओळ तिने भाच्यासाठी लिहिली आहे. तो आला की आम्ही त्याला ती मोठ्याने वाचायला लावतो.